एका मेलमध्ये चार विषय आणि उत्तर एकाचंच: कुठे अडतं, काय तपासायचं

हाउसिंग सोसायट्यांचं कार्यालय सांभाळणं हे माझं काम, त्यामुळे सभासदांचे मेल दिवसभर समोर असतात. त्यात एक बिघाड सारखा परत येतो. सभासद म्हणतो, "मेल केला होता, उत्तरच नाही." कमिटी म्हणते, "उत्तर दिलंय की." आणि दोघंही खरं बोलत असतात. उदाहरणं सोसायटीचीच देतोय, पण ऑफिस, बँक, मुलांची शाळा, कुठेही हा बिघाड असाच दिसतो.

लक्षणं

- चार गोष्टी विचारल्या, उत्तर एकीचं आलं. बहुतेक वेळा सगळ्यात सोप्या गोष्टीचं.
- उत्तरात नुसतं "नोटेड" किंवा "ठीक आहे" आलं. कशाला ठीक, ते कळायला मार्ग नाही.
- मेल खजिनदारांकडे पुढे गेला. त्यांनी बिलाचं बघितलं, आणि गळतीची तक्रार त्यांच्याच इनबॉक्समध्ये मुक्कामाला राहिली.
- दोन महिन्यांनी "Re: Re: Re: सोसायटीबाबत" या नावाखाली वीस निरोप साचले, आणि पार्किंगचं काय ठरलं ते शोधताना बाथरूमचे फोटो हाती लागतात.

मूळ कारण एकच आहे. इनबॉक्समध्ये मेल एकतर बाकी असतो, नाहीतर निकाली. "पाव निकाली" अशी सोय कुठल्याच प्रोग्रामात नाही. जीमेलमध्ये तर संपूर्ण संभाषण एकत्र धरलं जातं. अर्काइव्ह केलं, स्नूझ केलं की सगळं एकदम जातं. समोरच्याने एका प्रश्नाचं उत्तर देऊन मेल बाजूला सारला, की उरलेले तीन प्रश्न त्याच्या नजरेआड होतात. यात आळस किंवा दुर्लक्ष असतंच असं नाही.

बिघडलेला मेल असा असतो

हा नमुना मी आलेल्या अनेक मेलवरून जुळवलाय. सभासद मस्कतला राहतात, फ्लॅट भाड्याने दिलाय, म्हणून सोसायटी त्यांना नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते.

> विषय: सोसायटीबाबत
>
> नमस्कार सेक्रेटरी साहेब, आमच्या बाथरूमच्या छतातून पुन्हा पाणी टपकतंय, वर 502 मध्ये सांगून झालं. या महिन्याच्या बिलात नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस 390 रुपये लावलेत, ते कसे? तसंच नॉमिनेशनचा फॉर्म डिसेंबरमध्ये दिला होता, त्याचं पुढे काय झालं कळलं नाही. आणि परवा रात्री पार्किंगमध्ये आमच्या भाडेकरूच्या स्कूटरला कुणीतरी गाडी घासली, कॅमेऱ्यात बघाल का? गळतीचं होईपर्यंत बिल भरणं मला पटत नाही. कळावे.

मराठी सभ्य आहे, मुद्दे खरे आहेत. तरी याला धड उत्तर मिळणार नाही, कारण ते देणारी माणसं चार आहेत. गळती मॅनेजर आणि प्लंबर बघतात, बिल खजिनदार किंवा अकाउंटंट, नॉमिनेशन सेक्रेटरी आणि कमिटीची बैठक, कॅमेरा सिक्युरिटीचा सुपरवायझर. मेल मात्र एकट्या सेक्रेटरींच्या नावे आलाय.

आता तपासण्या. पैसे कशालाच लागत नाहीत. सुरुवातीच्या दोन मिनिटांच्या आहेत, शेवटची एखादी संध्याकाळ खाते.

आधी बघा: विषय खरंच वेगळे आहेत का?

इथे थांबून विचार केला नाही तर माणूस उत्साहात एका मेलचे सात तुकडे करतो, आणि ते मूळ दुखण्यापेक्षा वाईट. माझी कसोटी अशी: एक गोष्ट पूर्ण होऊन मिटली आणि दुसरी उघडीच राहिली, असं होऊ शकतं का? होऊ शकत असेल तर मेल वेगळे. स्कूटरचा निकाल आज लागू शकतो, नॉमिनेशनला कमिटीच्या बैठकीपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे वेगळे.

याउलट "प्लंबर कधी येणार, वरच्या फ्लॅटमध्ये कोण असेल, खर्च कोण करणार, टाइल्स फोडाव्या लागतील का" हे चार प्रश्न असले तरी काम एकच. ते तोडले तर प्लंबर मंगळवारी आणि वरच्या काकांची परवानगी गुरुवारी, असा घोळ होतो. असे प्रश्न एकाच मेलमध्ये ठेवा आणि १, २, ३, ४ आकडे टाका. उत्तर देणाराही मग आकड्यांनीच देतो, आणि एखादा सुटला तर तुम्हाला लगेच दिसतं.

मग बघा: घाई कशाची आहे?

नमुन्यातला सगळ्यात तातडीचा विषय कोणता? टपकणारं पाणी वाटेल. पण शेवटी, "आणि" म्हणून जोडलेला कॅमेऱ्याचा विषय खरा घाईचा. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर जागा भरली की जुन्यावर नवं चढवत जातो. किती दिवसांचं राहतं ते हार्ड डिस्क केवढी आणि कॅमेरे किती यावर ठरतं. महिनाभराचं असतंच असं धरून चालू नका. काही ठिकाणी जेमतेम आठवडा असतो. गळती पुढच्या आठवड्यातही गळेल, परवाची रात्र मात्र पुसली जाईल.

म्हणून तोडलेल्या मेलमध्ये मुदतीचा मेल आधी पाठवायचा, आणि तारीख विषयाच्या ओळीतच लिहायची. कॅमेऱ्याच्या बाबतीत मी सभासदांना सरळ सांगतो, मेलसोबत सिक्युरिटी केबिनला फोनही करा आणि "त्या रात्रीचं कॉपी करून ठेवा" एवढंच सांगा. बघायचं कुणी, दाखवायचं कुणाला, हे नंतर कमिटी ठरवेल.

विषयाची ओळ

"सोसायटीबाबत", "महत्त्वाचे", "विनंती" या तीन नावांखाली आमच्याकडे किती मेल पडून असतील, ते मोजायची माझी हिंमत नाही. ओळ लिहिताना मध्ये "आणि" घालावासा वाटला तर मेल अजून तुटलेला नाही असं समजा. फ्लॅट नंबर, गोष्ट, हवं काय, एवढं पुरतं:

```
ए-402 : पार्किंग सीसीटीव्ही, 14 तारीख रात्र : रेकॉर्डिंग जपून ठेवणे
ए-402 : नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस : हिशोब तपासणे
ए-402 : बाथरूम छत गळती : प्लंबरची वेळ
ए-402 : नॉमिनेशन फॉर्म : नोंद झाल्याची पोच
```

फ्लॅट नंबर आधी का? शोधताना "402" टाकलं की त्या घराचं सगळं एका खाली एक येतं, आणि तरीही प्रत्येक गोष्ट स्वतंत्र राहते. शेवटचा भाग का? कारण नुसतं "गळती" वाचून समोरच्याला कळत नाही की त्याने काय करायचं. बातमी दिलीय की काम सांगितलंय?

नवा मेल नव्याने उघडा, जुन्यावर Reply नको

इथे बरेच जण फसतात. जुन्या मेलवर Reply दाबतात, विषय बदलतात आणि समजतात की वेगळा मेल झाला. Reply केलेल्या प्रत्येक मेलच्या पोटात काही ओळी असतात, ज्या एरवी दिसत नाहीत:

```
Message-ID
In-Reply-To
References
```

पहिली म्हणजे त्या मेलचा स्वतःचा क्रमांक. उरलेल्या दोन सांगतात की हा कुठल्या मेलचं उत्तर आहे. Reply दाबलं की जुन्याचा क्रमांक नव्यात आपोआप उतरतो, विषय काहीही लिहा. जीमेल विषय बदललेला बघून नवं संभाषण सुरू करतं, म्हणून तुमच्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं. पण थंडरबर्डसारखे प्रोग्राम हे क्रमांक बघून मेल जोडतात. खजिनदार तसला प्रोग्राम वापरत असतील तर तुमचा "वेगळा" मेल त्यांच्याकडे जुन्याच गठ्ठ्यात जाऊन बसतो. खात्रीचा मार्ग म्हणजे Compose दाबून कोरा मेल उघडायचा आणि आपला मजकूर तेवढा चिकटवायचा.

प्रत्येक मेल एकटा वाचून कळतो का?

तोडल्यावर पहिल्यांदा मोडतात ते "वर म्हटल्याप्रमाणे", "तसंच", "तेच पुन्हा" हे शब्द. सिक्युरिटी सुपरवायझरला "वर" काहीच दिसत नाही. म्हणून पाठवायच्या आधी प्रत्येक तुकडा अशा माणसाच्या नजरेने वाचा, ज्याला बाकीचे तीन मिळालेलेच नाहीत. नाव, फ्लॅट, तारीख प्रत्येकात परत लिहायला लागते. कंटाळा येतो, पण पर्याय नाही.

बिलाचा मेल तोडल्यावर असा होतो:

> विषय: ए-402 : नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस : हिशोब तपासणे
>
> नमस्कार खजिनदार साहेब, ए-402 चं या महिन्याचं बिल सोबत जोडलंय. एकूण 3,900 रुपयांपैकी सेवाशुल्क 2,400, मालमत्ता कर 900 आणि सिंकिंग व दुरुस्ती फंड मिळून 600 आहे. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस वेगळे 390 लावलेत. हे शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच घेता येतं, त्या हिशोबाने ते 240 व्हायला हवं. 390 हे एकूण रकमेच्या 10 टक्के लावून आलंय असं दिसतं. कृपया तपासून पुढच्या बिलात 150 रुपये वळते करता येतील का, ते कळवावं.

मूळ मेलमध्ये "ते कसे?" एवढंच होतं. विषय वेगळा काढल्यावर त्याला स्वतःची जागा मिळाली, आणि आकडे मांडायची वेळ आली तेव्हा चूक कुठे झाली तेही दिसलं. 10 टक्क्यांची मर्यादा राज्य सरकारच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशातली आहे, अकाउंटंटला माहीत असते. फक्त सॉफ्टवेअरमध्ये टक्केवारी चुकीच्या रकमेवर बसवलेली असते. अशा मेलला "हो, चुकलंय, दुरुस्त करतो" असं एका ओळीत उत्तर देता येतं.

जोडण्याही वाटून घ्या. बिलाची पीडीएफ बिलाच्या मेलला, छताचे फोटो गळतीच्या मेलला. आणि CC कडे नीट बघा. मूळ मेल संपूर्ण कमिटीला गेला असेल तरी चारही तुकडे सगळ्यांना पाठवायची गरज नसते. नॉमिनी कोण आहे हे सिक्युरिटीला कळायचं कारण नाही, भाडेकरूचा गाडी नंबर अकाउंटंटला नको.

जे वाक्य कुठेच बसत नाही

तोडताना एक वाक्य हमखास हातात उरतं. नमुन्यात ते "गळतीचं होईपर्यंत बिल भरणं मला पटत नाही" हे आहे. गळतीच्या मेलमध्ये घातलं तर प्लंबरला त्याचं काय? बिलाच्या मेलमध्ये घातलं तर खजिनदारांना वाटतं की 150 रुपयांचा वाद निव्वळ निमित्त आहे, आणि तपासायची बाजूच राहते.

असं वाक्य म्हणजे दोन विषयांना बांधलेली अट असते. तिला कुठे बसवायचं हा प्रश्न नंतरचा. ती अट घालायची आहे का, हे आधी ठरवा. या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: घालू नका. आदर्श उपविधींप्रमाणे वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येणाऱ्या गळतीचा खर्च सभासदांचा असतो. गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर सोसायटीचा. म्हणजे इथे ज्या 502 मुळे पाणी येतंय त्यांना तुमचं बिल थकल्याने काडीचा फरक पडत नाही, आणि थकबाकीवर व्याज मात्र तुमच्या नावावर चढतं. रागच व्यक्त करायचा असेल तर गळतीच्या मेलमध्ये लिहा की ही दुसरी वेळ आहे आणि मागची दुरुस्ती टिकली नाही. त्या माहितीचा प्लंबरला उपयोग होतो.

क्वचित अट खरी असते. "जुना नॉमिनी रद्द झाल्याची नोंद झाली की मगच नवा फॉर्म घ्या" असलं काही. तेव्हा तो एकच विषय आहे, तोडूच नका.

गठ्ठा तुमच्याकडे आला असेल तर

कमिटीत असाल तर हे काम तुमच्या गळ्यात पडतं. सभासदाला "कृपया वेगवेगळे मेल पाठवा" असं लिहू नका. पटत नाही, आणि मस्कतचे गृहस्थ पुन्हा तेच लिहायला आठ दिवस लावतील. तोवर रेकॉर्डिंग गेलेलं असतं.

मूळ मेलला एकच छोटं उत्तर द्यायचं: चार विषय मिळाले, स्कूटरचं सुपरवायझरकडे, बिलाचं खजिनदारांकडे, नॉमिनेशनचं माझ्याकडे, गळतीचं मॅनेजरकडे दिलंय, प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या मेलने येईल. मग चार कोरे मेल, प्रत्येकाच्या सुरुवातीला सभासदाचं त्या विषयापुरतं वाक्य जसंच्या तसं. आपल्या शब्दांत लिहायचा मोह टाळा. "पाणी टपकतंय" याचं मॅनेजरने "ओल आहे" केलं की प्लंबर रंगाऱ्याला घेऊन येतो. संबंधित माणसाला To मध्ये आणि सभासदाला CC मध्ये ठेवा, Reply All करायला सांगा, म्हणजे उत्तर थेट जातं आणि तुम्ही मधले हमाल होत नाही.

अख्खा मेल Forward करणं सोपं असतं, पण त्यात बाकीचे तीन विषयही जातात. मूळ मेल पुरावा म्हणून कमिटीत कुणाला द्यायचाच असेल तर जीमेलमध्ये Forward as attachment आहे. त्याने मेल जसाच्या तसा, तारीख-वेळेसकट जोडला जातो.

सगळ्यात किचकट: सहा महिने जुना गुंता

इथे मेल नव्हे, संभाषणच तोडायचं असतं. संगणकावर जीमेलच्या Settings मध्ये General खाली Conversation View आहे, ते थोड्या वेळासाठी off करा. गठ्ठा सुटतो आणि प्रत्येक निरोप तारखेप्रमाणे वेगळा दिसतो. आता नव्याकडून जुन्याकडे वाचत जा आणि कागदावर फक्त उघडे राहिलेले विषय लिहा. मिटलेले उकरू नका. वीस निरोपांत खरे उघडे विषय सहसा दोन-तीनच निघतात.

प्रत्येक उघड्या विषयाला नवा मेल, त्यात तीन गोष्टी: पहिल्यांदा कधी सांगितलं, शेवटचं काय ठरलं, आता काय हवं. नॉमिनेशनचं उदाहरण घ्या. फॉर्म तीन प्रतींत डिसेंबरमध्ये दिला, जानेवारीत "बैठकीत घेतो" असं उत्तर आलं, आता नोंद झालेली प्रत हवी. इतकं लिहिलं की सेक्रेटरींना इतिवृत्त उघडून बघता येतं. शेवटी जुन्या गठ्ठ्यात एक ओळ टाका की उरलेले विषय अमुक तारखेच्या वेगळ्या मेलमध्ये घेतलेत, इथे उत्तर देऊ नये. ती टाकली नाही तर कुणीतरी भला माणूस आठवड्याने त्यालाच Reply All करतो.

कुठे थांबायचं

वकिलाची नोटीस आली असेल, किंवा प्रकरण सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे गेलं असेल, तर मेल तोडणं बंद. नोटिशीला मुद्देसूद आणि एकत्रच उत्तर द्यावं लागतं. तुम्ही एका मुद्द्यावर सहज लिहिलेली ओळ दुसऱ्या मुद्द्यावर तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. तो गठ्ठा आहे तसा वकिलाकडे द्या आणि मधल्या काळात मेलवर काही कबूल करू नका. फ्लॅटचा मूळ मालक वारला असेल आणि वारसांत एकमत नसेल तेव्हाही आधी वकील.

मेल पोचतच नसतील, म्हणजे सोसायटीच्या स्वतःच्या डोमेनवरचे मेल सारखे स्पॅममध्ये जातात किंवा परत येतात, तर विषय तोडून काही होणार नाही. ज्याने डोमेन आणि मेल बसवून दिलाय त्याला बोलवा आणि परत आलेला मेल पूर्ण दाखवा. त्यातल्या इंग्रजी मजकुरात कारण लिहिलेलं असतं.

आणि चार स्वच्छ, वेगळे मेल जाऊनही दोन आठवडे कुठूनच उत्तर नसेल, तर बिघाड मेलमध्ये नाही. प्रत्येक विषयाचा वेगळा कागदी अर्ज करा, सोसायटीच्या कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, शिक्का, तारीख घ्या. पोच देत नसतील तर रजिस्ट्रार कार्यालयाची कामं करणारा वकील किंवा सल्लागार गाठा. जाताना त्या चार मेलचे प्रिंट विषयवार वेगळे लावून न्या.